पुन्हा तसे झाले, तर दवाखान्यात जायचे का?

पत्र

मी ४१ वर्षांचा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. एप्रिलमध्ये एका रात्री दीडच्या सुमारास मी गाढ झोपेतून दचकून जागा झालो. छाती जोरात धडधडत होती, टोचल्यासारखे दुखत होते, दम कोंडला होता, अंगाला घाम फुटला होता. थोड्या वेळाने ओठ बधिर झाले, हातांना मुंग्या आल्या आणि बोटे आखडून वाकडी झाली. माझे वडील ४९व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्या रात्री घरात सगळ्यांना ते पित्त वाटले होते. म्हणून मी थांबलो नाही. धाकट्या भावाने मोटारसायकल काढली, मला मध्ये बसवले, मागून पत्नीने धरले आणि आम्ही रुग्णालय गाठले. ईसीजी झाला, रक्त दोनदा तपासले, सकाळी टू-डी एको झाली. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." त्यांनी एक गोळी लिहून दिली. त्यानंतर दोनदा तसेच झाले, एकदा तर सुताच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर. आता मित्राने दिलेली जिभेखाली ठेवायची गोळी कायम माझ्या खिशात असते. बोटाला लावून नाडी पाहायचे यंत्र घेतले आहे. जिना टाळतो. माल घेऊन पुण्याला एकटा जात नाही. आई म्हणते, मनाचे खेळ आहेत, चारचौघांत बोलू नकोस. मेहुणे म्हणतात, पुण्याला जाऊन अँजिओग्राफी करून मोकळा हो. झोपेत असताना मला कसले टेन्शन? पुन्हा तसे झाले, तर रुग्णालयात जाऊ की घरीच थांबू?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या रात्री तुम्ही गेलात हे बरोबरच केलेत, आणि निदान वेगळे निघाले म्हणून तो निर्णय मागाहून चुकीचा ठरत नाही. छातीत दुखणे, घाम आणि दम लागणे ही लक्षणे पहिल्यांदाच एकत्र आली, तर ती हृदयाची आहेत की भीतीच्या झटक्याची, हे घरी बसून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. अनुभवी डॉक्टरसुद्धा ईसीजी काढल्याशिवाय ते सांगणार नाहीत. तुमच्या वडिलांच्या वेळी घरच्यांनी पित्त समजून वाट पाहिली. तशी वाट तुम्ही पाहिली नाही, याबद्दल कोणाहीपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. त्या रात्रीत बदलायला हवे असे मला एकच दिसते, ते म्हणजे मोटारसायकल. तिघांच्या मध्ये बसवलेला माणूस वाटेत शुद्ध हरपून कोसळला, तर त्याला सावरता येत नाही आणि काही उपचारही करता येत नाहीत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला फारच वेळ लागणार असेल, तर शेजाऱ्याची मोटार किंवा रिक्षा चालेल, पण दुचाकी नको आणि रुग्णाने स्वतः वाहन चालवणे तर मुळीच नको.

आता "काही नाही" या शब्दांकडे वळू, कारण तुमच्या पुढच्या त्रासाचा बराचसा भाग या शब्दांतून निघाला आहे असे मला वाटते. डॉक्टरांनी त्या रात्री काय तपासले ते समजून घ्या. ईसीजी हृदयातील विद्युत हालचालींची नोंद करतो आणि मोठा झटका चालू असेल तर बहुतेक वेळा लगेच दाखवतो, पण एकच ईसीजी चांगला आला म्हणून झटका नाहीच असे म्हणता येत नाही. त्यासाठी रक्तातले ट्रोपोनिन पाहतात. हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन आहे. स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपू लागते, मात्र ते वाढलेले दिसायला काही तास जातात. म्हणूनच तुमचे रक्त एकदा घेऊन काही वेळाने पुन्हा घेतले गेले. दुसऱ्या वेळीही ते वाढलेले नव्हते आणि सकाळच्या एकोत हृदयाच्या भिंती नीट आकुंचन पावताना दिसल्या, याचा अर्थ त्या रात्री तुम्हाला हृदयविकाराचा झटका आलेला नव्हता. हे अंदाजाने बोललेले नव्हते, तपासून काढलेले उत्तर होते.

परंतु जे झाले नव्हते ते सांगितले गेले आणि जे झाले होते त्याचे नाव मात्र कोणी घेतले नाही. पहाटे चार वाजता गर्दीच्या अपघात विभागात डॉक्टरांना तेवढी सवड नसते, हे मला ठाऊक आहे, तरीही त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. "काही नाही" ऐकून घरच्यांनी अर्थ काढला की हा उगीच घाबरला. तुम्ही अर्थ काढला की डॉक्टरांच्या हातून काहीतरी निसटले. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून त्या रात्री आलेला झटका भीतीचा, म्हणजे पॅनिक अटॅक, असावा असे दिसते. त्यातली धडधड, घाम आणि आखडलेली बोटे यांतले काहीही कल्पनेतले नव्हते. पक्के निदान तुम्हाला समोर बसवून तपासणारे डॉक्टरच करतील, पण त्यांच्याकडे जाण्यापूर्वी त्या रात्री शरीरात काय घडले असावे हे तुम्हाला कळलेले बरे.

मागावर ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी सोय असते. ती सोय बिघडली तर एकही धागा तुटलेला नसताना माग थांबतो. माग खरोखरच थांबलेला असतो, फक्त धागा शाबूत असतो. शरीरातही धोक्याची सूचना देणारी अशीच एक यंत्रणा आहे. ती सुरू झाली की ॲड्रेनलिन रक्तात येते, नाडी जोरात चालू लागते, घाम सुटतो, स्नायू ताठ होतात आणि श्वास भराभर चालू लागतो. पळायचे किंवा झुंजायचे असेल तर हे सगळे उपयोगाचे आहे. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला मात्र त्या वाढलेल्या श्वासाची गरज नसते आणि खरी गंमत नव्हे, खरी अडचण तिथून सुरू होते. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तो कमी झाला की रक्ताची आम्लता बदलते, त्यातले मोकळे कॅल्शियम कमी पडते आणि नसा व स्नायू चाळवले जातात. ओठांभोवती बधिरपणा, हातापायांना मुंग्या आणि बोटे आखडणे हा त्याचाच परिणाम. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही किंचित आकसतात, त्यामुळे गरगरल्यासारखे होते आणि आजूबाजूचे सारे परके वाटू लागते. यातली विपरीत गोष्ट अशी, की रक्तात प्राणवायू पुरेसा असूनही माणसाला हवा कमी पडते आहे असेच वाटते. मग तो आणखी जोराने श्वास ओढतो आणि लक्षणे आणखी वाढतात. अशा वेळी जवळ बसलेले लोक प्रेमापोटी "मोठा श्वास घे, जोरात घे" असे सांगत राहतात, आणि नेमके तेच करायचे नसते.

या शारीरिक साखळीत विचाराची एक कडी असते. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली ती नेमकेपणाने मांडली. शरीरात एखादी संवेदना येते, माणूस तिचा अर्थ "मी आता मरतो आहे" असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने तीच संवेदना वाढते आणि वाढलेली संवेदना पहिल्या अर्थाला पुरावा वाटू लागते. तुमच्या बाबतीत हा अर्थ कुठून आला हे शोधायला लांब जावे लागत नाही. ज्याने वडिलांना ४९व्या वर्षी असे जाताना पाहिले आहे आणि जो स्वतः त्या वयाच्या जवळ येत चालला आहे, त्याच्या मनात छातीतल्या धडधडीला दुसरा कोणता अर्थ पहिल्यांदा सुचणार? घरात असा मृत्यू झालेल्या माणसांत ही भीती मी वारंवार पाहते आणि तिला मी दुबळेपणा मानत नाही.

झोपेत कसले टेन्शन, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक गृहीतक आहे. भीतीचा झटका यायला त्या क्षणी काळजीचा विचार मनात असावाच लागतो, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे नसते. हे झटके अनेकदा काहीही निमित्त नसताना येतात आणि ज्यांना ते वरचेवर येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना एकदा तरी झोपेतून उठवणारा झटका येतो. तो वाईट स्वप्नामुळे येत नाही. साधारणपणे हलक्या झोपेतून गाढ झोपेत जाताना, स्वप्ने नसताना तो येतो. म्हणजे झोपेत आला म्हणून तो हृदयाचाच, असे अनुमान काढता येत नाही. त्याचबरोबर, झोपेत दम कोंडून जाग येण्याची दुसरीही कारणे आहेत. तुम्ही मोठ्याने घोरत असाल, घोरता घोरता श्वास थांबतो असे पत्नीने पाहिले असेल किंवा दिवसा अनावर झोप येत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराची तपासणी करून घ्यायला हवी. हे पत्नीला आजच विचारा, कारण स्वतःचे घोरणे स्वतःला ऐकू येत नाही.

आता मेहुण्यांच्या सल्ल्याविषयी. त्यांची काळजी खरी आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. वडिलांना ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून तुमच्या हृदयाची नीट तपासणी व्हायला हवी. भीतीच्या झटक्याचे निदान झाले म्हणजे हृदयाकडे बघायचे कारण संपले, असे होत नाही. त्या रात्रीच्या तपासण्यांनी त्या रात्रीचे उत्तर दिले, पुढच्या दहा वर्षांचे दिलेले नाही. फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञांकडे दिवसाउजेडी, वेळ घेऊन जा. वडिलांचे वय सांगा, रक्तदाब मोजून घ्या, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड वाढलेले असले किंवा रक्त कमी असले, तरीही धडधड होते. धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन तशीच एकदम थांबत असेल, तर तेही आवर्जून सांगा. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचे काही प्रकार असे वागतात आणि ते पकडायला २४ तास छातीवर लावून ठेवायचे होल्टर यंत्र वापरतात. डॉक्टरांना गरज वाटली तर ते पट्ट्यावर चालवून ईसीजी काढण्याची, म्हणजे ताण चाचणी, सुचवतील. तंबाखू किंवा मावा खात असाल, तर तेही लपवू नका. तंबाखूने नाडी वाढते, म्हणजे झटक्याला निमित्त मिळते, आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान होते ते वेगळेच.

अँजिओग्राफी मात्र "करून मोकळा हो" म्हणून करायची तपासणी नाही. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून नळी हृदयापर्यंत नेऊन औषध सोडतात आणि क्ष-किरणांनी चित्रे घेतात. ती बहुतांशी सुखरूप पार पडते, पण रक्तस्राव, मूत्रपिंडाला त्रास आणि क्वचित याहून गंभीर गुंतागुंत होऊ शकते. आधीच्या तपासण्यांत काही संशयास्पद दिसले तर हा धोका पत्करणे योग्यच आहे. केवळ मनाच्या समाधानासाठी पत्करावा का, याबद्दल मला गंभीर शंका आहे, कारण त्याने समाधान टिकत नाही. चांगला अहवाल घेऊन माणूस आनंदाने पुण्याहून परततो, पुढच्या झटक्याला छाती तशीच धडधडते आणि मनात येते की अहवालानंतर काही नवे झाले असेल. अहवालांची पिशवी जाड होत गेलेली आणि भीती तिळभरही न हटलेली अशी माणसे मी पाहिली आहेत. तपासणी एकदा, नीट, डॉक्टरांच्या सल्ल्याने करा आणि तीच तपासणी पुन्हा कधी करायची तेही त्यांनाच ठरवू द्या.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट झटके ही नाही, झटक्यांच्या मधल्या दिवसांत तुम्ही काय करू लागला आहात ती आहे. खिशातली गोळी, बोटावरचे यंत्र, टाळलेला जिना, सोडलेला पुण्याचा फेरा. यातल्या प्रत्येक गोष्टीने तुम्हाला त्या वेळेपुरते बरे वाटते आणि पुढे भीतीच बळावते, कारण "मी जिना चढलो नाही म्हणून वाचलो" असा हिशेब मनात बसतो आणि जिना चढूनही काही होत नाही, हे कळण्याची संधीच मिळत नाही. एखादा झटका हा स्वतः आजार नव्हे. पुष्कळांना आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळी तो येतो आणि विषय तिथे संपतो. झटके पुन्हा पुन्हा, अवचित येऊ लागले आणि पुढच्या झटक्याची धास्ती किंवा त्यापायी बदललेले वागणे महिनाभराहून अधिक टिकले, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. तुमचे वर्णन त्याच्या जवळ जाणारे आहे, म्हणून ते अंगावर काढू नका.

यंत्राचेच उदाहरण घ्या. झटक्यात नाडी १२०च्या पुढे जाणे नेहमीचे आहे. तो आकडा पाहून तुम्ही घाबरता आणि घाबरल्यामुळे तो वाढतो. दिवसातून अनेकदा पाहत असाल, तर आधी ठरावीक वेळांपुरते पाहा, मग ते यंत्र पत्नीच्या ताब्यात द्या. मित्राने दिलेली गोळी मात्र आजच खिशातून काढा. जिभेखाली ठेवायची ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तदाब उतरवते. ज्याला ती डॉक्टरांनी दिलेली नाही त्याने घेतली, तर डोके ठणकते, गरगरते, उभा माणूस कोसळू शकतो, आणि हेच पुन्हा हृदयाचे लक्षण वाटते. उष्ण दिवसांत, मागाच्या शेडमध्ये घाम गाळून शरीरातले पाणी आधीच कमी झालेल्या माणसाच्या बाबतीत हा धोका अधिकच असतो.

यावर चांगले उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयात, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, तिथे बाह्यरुग्ण विभागात हे दाखवता येते आणि शहरात खासगी तज्ज्ञही आहेत. एकदम जायचा धीर होत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. उपचारांचे दोन मार्ग आहेत, ते एकेकटे किंवा एकत्र वापरतात. पहिल्यात समुपदेशक तुमच्या मनातल्या अर्थाची परीक्षा घ्यायला शिकवतात, आणि तीही फक्त बोलून नाही. हृदयतपासणी झाल्यावर ते तुम्हाला मुद्दाम जिना चढायला लावतील, खुर्चीवर गरगर फिरवतील, बारीक नळीतून मिनिटभर श्वास घ्यायला सांगतील. धडधड, चक्कर आणि दम या संवेदना तुम्ही स्वतःहून आणता, त्या वाढतात आणि आपोआप उतरतात, हे शरीराला अनुभवाने कळते. ऐकायला हे क्रूर वाटेल, पण माझ्या मते या उपचारातला सर्वांत खणखणीत भाग हाच आहे.

दुसरा मार्ग औषधांचा. नैराश्यासाठी वापरतात त्याच गटातली काही औषधे या विकारावरही चालतात. ती थोड्या मात्रेने सुरू करतात, कारण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत अस्वस्थता थोडी वाढू शकते. हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक जण चौथ्या दिवशीच गोळी बंद करतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही बरेच महिने औषध चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचे असते. अपघात विभागात तुम्हाला लिहून दिलेली गोळी कोणती ते मला माहीत नाही. ती अल्प्राझोलमसारखी लगेच शांत करणारी असेल, तर चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणू नका. तिची सवय लागते, मात्रा वाढत जाते, आणि रोज घेणाऱ्याने एकाएकी बंद केली तर त्रास उसळून येतो. सध्या रोज घेत असाल, तर स्वतःच्या मनाने थांबवूही नका, कशी कमी करायची ते डॉक्टरांना विचारा.

आता तुमचा मूळ प्रश्न. पुढे लिहिते आहे ती मुभा ज्यांची हृदयतपासणी झालेली आहे आणि ज्यांच्या डॉक्टरांनी हे झटके भीतीचे असल्याचे सांगितले आहे, त्यांनाच आहे. हे वाचून कोणी पहिल्यांदा आलेल्या छातीतल्या दुखण्याला घरी बसून भीतीचे नाव देऊ नये, मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही. मधुमेही, वयस्क माणसे आणि स्त्रिया यांच्यात हृदयाचा झटका कधी कधी फक्त दम, थकवा, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागातली जळजळ एवढ्यावरच येतो आणि पित्त समजून वेळ जातो.

छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब, आवळल्यासारखे दुखणे, ते हातात, जबड्यात, पाठीत पसरणे, चालताना किंवा ओझे उचलताना सुरू होऊन थांबल्यावर उतरणे, थंड घामासोबत उलटी, शुद्ध हरपणे, किंवा तुमच्या नेहमीच्या झटक्यापेक्षा वेगळे असे काहीही झाले, तर एक मिनिटही न थांबता १०८ला फोन करायचा. तिथे श्वासाचे व्यायाम करत बसायचे नाही. भीतीच्या झटक्यातले दुखणे पुष्कळदा टोचणारे असते, एका बोटाने जागा दाखवता येते, सोबत मुंग्या आणि बधिरपणा असतो. पण या फरकांना अपवाद आहेत, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नका.

झटका ओळखीचाच असेल, सगळा क्रम तोच असेल, तर उठून बसा आणि पत्नीला घड्याळ पाहायला सांगा. भीतीचा झटका साधारण १० मिनिटांत शिखर गाठतो आणि अर्ध्या तासाच्या आत बहुतेक ओसरतो. श्वास नाकाने, पोटापर्यंत, हलकेच घ्यायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा. मनात चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नका, दुखणे हृदयाचे किंवा दम्याचे निघाले तर तो घातक ठरतो. झटका दडपण्यासाठी झगडायचे नाही, तो चढून उतरू द्यायचा. १५-२० मिनिटांनीही उतार दिसला नाही, किंवा मधेच नवे लक्षण आले, तर निघायचे. आणि शंका राहिली तरीही निघायचे. ईसीजी पुन्हा चांगला आला तर त्या फेऱ्याचा हिशेब घरात कोणी काढायचा नाही, हे आजच सर्वांसमोर ठरवून ठेवा. कोणत्या लक्षणांना थांबायचे आणि कोणत्या लक्षणांना निघायचे, हे तुमच्या फिजिशियनकडून एका कागदावर लिहून घ्या. हृदयविकाराच्या झटक्याची शंका आल्यावर ॲस्पिरिन चघळायची का, हेही त्यांनाच विचारून त्या कागदावर टिपा. रात्री दीड वाजता घरातल्या कोणाचेच डोके शांत नसते, कागद मात्र तोच मजकूर दाखवतो.

आईंचे म्हणणे मी टाकून देणार नाही, पण त्यातला एक शब्द बदलायला हवा. हा खेळ नाही. पती गमावलेल्या बाईला मुलाच्याही छातीत दुखते हे ऐकवत नसेल आणि "मनाचे खेळ" म्हटल्याने तिला थोडा दिलासा मिळत असेल, अशी शक्यता आहे. फिजिशियनकडे जाताना त्यांना सोबत न्या आणि अहवाल त्यांच्यासमोर समजावून सांगायला डॉक्टरांना विनंती करा. चारचौघांत बोलायचे की नाही हे तुमच्यावर आहे, मात्र भावाला, पत्नीला आणि कारखान्यातल्या एका विश्वासू माणसाला हे माहीत असलेच पाहिजे. झटक्यात त्यांनी काय करायचे ते थोडके आहे: गर्दी हटवायची, शेजारी बसायचे, "श्वास हळू सोडा" एवढेच शांतपणे म्हणायचे आणि वेळ सांगत राहायचे.

पुण्याचा फेरा तपासणी होईपर्यंत भावावर सोपवला तरी चालेल. त्यानंतर पहिल्यांदा भावाला सोबत घेऊन टेंभुर्णीपर्यंत जाऊन परत या. पुढच्या खेपेस तो मागच्या गाडीत असू दे, त्यापुढच्या खेपेस एकटे जा, आणि जाताना यंत्र घरी ठेवा. वाटेत धडधड सुरू झालीच, तर गाडी बाजूला घेऊन ती उतरेपर्यंत थांबा आणि लगेच सोलापूरकडे न वळता थोडे तरी पुढे जाऊन मग ठरवा. अर्थात त्या कागदावरचे निघण्याचे लक्षण दिसले, तर पुढे जायचे नाही, तिथूनच १०८ला फोन करायचा.